पिशवीचे बंद उसवतायत, आणि हिशोबही जुळत नाहीये (कापडी पिशव्या, बचत गट)

अंबाडी
नमस्कार मंडळी. आमचा नऊ जणींचा बचत गट आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. दोन वर्षांपासून कापडी पिशव्या शिवतोय. आधी हळदीकुंकवाच्या वाणाच्या ऑर्डरी होत्या, आता पहिल्यांदाच एका किराणा दुकानाने ३०० पिशव्या घेतल्या, २२ रुपयांना एक. मांजरपाट, १२ बाय १४ इंच, दोन बंद, वर दुकानाचं नाव छापलेलं.

पंधरा दिवसांत चाळीसेक पिशव्या परत आल्या. सगळ्यांचं एकच, बंद निघाला. एका गिऱ्हाइकाची तर तेलाची पिशवी रस्त्यावर फुटली, दुकानदाराने ते पैसे आमच्या बिलातून कापले.

दुसरं म्हणजे पिशवीमागे आम्हाला अडीच रुपये सुटायला हवेत, पण महिन्याअखेर डब्यात काहीच उरत नाही. गटात कुरबुर सुरू झालीय. अध्यक्ष मीच आहे, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच बघतात. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

निशिगंध
वा ताई, फार छान काम! मला मुलाच्या मुंजीत द्यायला ५० पिशव्या हव्या आहेत, नाव छापून. मे महिन्यात मुंज आहे. कुरियर कराल का ठाण्याला?

अंबाडी
@निशिगंध, करू की ताई, मेसेज करते. पण आधी बंद टिकायचं बघू द्या, नाहीतर मुंजीच्या पंगतीतच पिशव्या फुटायच्या.

फडताळ
साधं आहे. तुम्ही सुती दोरा वापरत असणार. पॉलिस्टरचा दोरा घ्या, आणि बंदावर एकाच जागी चार-पाच वेळा मागेपुढे टीप मारा. आम्ही सोसायटीत पिशव्या शिवल्या होत्या, एकही तुटली नाही.

कातरकाम
थांबा, घाई नको. अंबाडीताई, परत आलेल्या पिशव्यांपैकी एक हातात घेऊन बघा आणि दोनच गोष्टी सांगा. बंदाचा दोरा तुटलाय, की दोरा शाबूत आहे आणि खालचं कापड फाटलंय? आणि बंदाचं टोक पिशवीवर नेमकं कुठे जोडलंय?

(इचलकरंजीत आधी तयार कपड्यांच्या युनिटमध्ये कटिंगला होतो, आता घरीच शिवतो. म्हणून विचारतोय.)

अंबाडी
काका, आत्ता सहा पिशव्या समोर घेऊन बसलेय. सहाच्या सहांचा दोरा चांगला आहे! बंदाला पिशवीच्या कापडाचा चौकोनी तुकडा चिकटून आलाय, पोस्टाचं तिकीट फाडल्यासारखा. कडेला भोकंच भोकं. बंद तोंडाच्या दुमडीच्या खाली जोडलाय, बाहेरून. दिसायला बरं दिसतं म्हणून.

कातरकाम
मग दोऱ्याचा काही दोष नाही. तिकीट म्हणालात ना, अगदी तसंच झालंय. सुईने ओळीने भोकं पाडली, वजन आलं की तिथूनच कापड सुटलं. दोरा तुटला असता तर फडताळ यांचा सल्ला बरोबर होता. इथे तो उलटा पडेल. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट आणि एकाच जागी चार-पाच वेळा टीप, म्हणजे भोकं आणखी.

चुका तीन दिसतात. एक, दुमडीच्या खाली कापड एकपदरी असतं. पाच किलोचं ओझं त्या एका पदरावर. बंदाचं टोक दुमडीच्या आत सरकवा, म्हणजे टीप दुमडीच्या पदरांतून जाईल. दुमड शिवून झाली की बंद वर उलटवा, इंचभर चौकोन शिवा आणि चौकोनात फुली मारा. चौकोनाने ओढ चारी बाजूंना वाटली जाते, फुली मधलं कापड धरून ठेवते. टीप पक्की करायला टोकाला दोन टाके मागे घेतले की पुरे.

दोन, टाके फार बारीक आहेत. पट्टी लावून इंचात किती बसतात ते मोजा. आठ-नऊ ठीक. बारा-चौदा असतील तर मशीनचा काटा मोठ्यावर न्या.

तीन, सुई कधी बदलली? बोथट सुई धाग्यांमधून सरकत नाही, धागा तोडून जाते. सोळा नंबरची नवी सुई घाला. मशीनचा आवाज ठक-ठक असा जड झाला की सुई गेली समजायचं.

अंबाडी
इंचात तेरा टाके. आणि सुई... मोडल्याशिवाय आम्ही बदलतच नाही हो काका. 🙈

कातरकाम
सगळेच तसं करतात. आता बंदाबद्दल. बंद उभ्या कापडातून कापता की आडव्या? आणि कापडाचा पन्हा किती? एका मीटरमध्ये तुमच्या किती पिशव्या बसतात तेही सांगा. डब्यात पैसे का उरत नाहीत ते बहुतेक तिथेच सापडेल.

अंबाडी
पन्हा ३६ इंची, ३२ रुपये मीटर. पिशवीचा तुकडा १३ इंच रुंद, ३१ इंच लांब. तळाला जोड नको म्हणून लांब तुकडा मधे दुमडतो. पन्ह्यात शेजारी शेजारी दोन तुकडे बसतात. बंद वेगळे कापतो, पन्ह्याला आडव्या तीन इंची पट्ट्या, एका पट्टीत १८ इंचाचे दोन बंद.

हिशोब असा: कापड १२.६०, दोरा ०.५०, शिलाई ५, छपाई १.५०. म्हणजे १९.६०. विकतो २२ ला.

कातरकाम
शेजारी दोन तुकडे म्हणजे २६ इंच. पन्हा ३६. उरलेल्या १० इंचांची पट्टी कुठे जाते?

अंबाडी
पोत्यात. रुमाल करू म्हणून ठेवल्यात. दोन पोती भरली.

कातरकाम
ताई, तुमचा नफा त्या पोत्यांत आहे.

आधी बंदाचं बघू. प्रत्येक पिशवीमागे तुम्ही तीन इंच कापड वेगळं कापता, ते २.४० रुपयांचं, आणि तुमच्या हिशोबात ते नाहीच. १२.६० नव्हे, कापडच १५ रुपयांचं जातंय. बाकी खर्च धरला की बरोबर २२. म्हणजे सुटतं शून्य, आणि कापणाऱ्या बाईची मजुरी तर यात नाहीच.

वर ते बंद आडवे कापलेत. ताणा उभा असतो, बाणा आडवा. ताण्याला मागावर चढण्याआधी खळ लावतात आणि तो ताणूनच बसवलेला असतो, म्हणून उभं कापड ओढलं तरी कमी लांबतं. आडवा बंद ओझ्याने लांबतो आणि दोरीसारखा हाताला रुततो. हातात धरून ओढून बघा, लगेच कळेल.

आता असं करा. ४८ पन्ह्याचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड घ्या. ३१ इंच लांब कापा. १३ चे तीन तुकडे म्हणजे ३९ इंच. उरले ९. त्यात तीन इंची तीन पट्ट्या, ३१ इंच लांब आणि उभ्या. प्रत्येक पट्टी मधे कापली की साडेपंधरा इंचाचे दोन बंद. तीन पिशव्या, सहा बंद, खाली पडायला चिंधीसुद्धा नाही. दोन्ही टोकं इंच-इंच दुमडीत गेली तरी साडेतेरा इंच बंद बाहेर राहतो, हातात धरायला पुरतो. खांद्याला अडकवता येणार नाही, पण किराणा कोण खांद्याला लावतं?

४८ पन्ह्याचा भाव ४० धरू. ३१ इंच म्हणजे पाऊण मीटरपेक्षा थोडं जास्त, साडेएकतीस रुपये. भागिले तीन, साडेदहा. पंधरावरून साडेदहावर आलात.

पाटपाणी
काका, हे कागदावर काढून बघितलं. खरंच काही उरत नाही! मी शिवण शिकवते, उद्या मुलींना हेच गणित घालते.

देशीप्रवासी
मी नॉर्वेत असतो. थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात म्हटलंय की सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठे ती हवामानाच्या हिशोबाने साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. कापसाला पाणी, खत, वीज सगळंच लागतं. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

फडताळ
नॉर्वेत बसून सांगणं सोपं आहे. आमच्या नाल्यात कापडी पिशव्या तुंबत नाहीत. गाईच्या पोटात सापडतं तेही प्लॅस्टिकच.

पाटपाणी
@देशीप्रवासी, आकडा बरोबर आहे, पण तो हवामानापुरता. गटारात, शेतात, जनावरांच्या पोटात काय जातं हे त्यात मोजलेलं नाही. आणि १३१ वेळा म्हणजे आठवड्याला एकदा बाजार धरला तर अडीच वर्षं. माझ्या आजेसासूबाईंची खाकी पिशवी अकरा वर्षं चाललीय. पण तुमचा मुद्दा एका बाजूने खराच आहे. बंद पंधरा दिवसांत निघणारी कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा वाईट. म्हणून तर वर एवढा काथ्याकूट चाललाय.

देशीप्रवासी
मान्य. आजेसासूबाईंना नमस्कार.

वाणसौदा
मी दुकानदार. माझं किराणा दुकान आहे (अंबाडीताईंचं गिऱ्हाईक मी नव्हे, तेलाचे पैसे मी कापलेले नाहीत!). आमची बाजूही ऐका. चारशे रुपयांच्या किराण्यावर मला तीस-चाळीस सुटतात. त्यात २२ ची पिशवी फुकट देऊ कशी? माणूस येऊन नॉन-वोव्हन पिशवी तीन-चार रुपयाला टाकून जातो, वर सांगतो "शेठ, ही कापडीच आहे, चालते". २०१८ च्या मार्चमध्ये बंदी आली तेव्हा पहिल्या वेळेस पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा हजार. दोन महिने सगळे घाबरून होते. मग हळूहळू काउंटरखालून पुन्हा सुरू.

फडताळ
नॉन-वोव्हन कापडीच असते ना? हाताला कापडच लागते. शिलाई पण असते.

कातरकाम
नाही. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. कडेचा बारीक तुकडा कापून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगाळली जाणारी राख उरते. नॉन-वोव्हन आधी आकसतं, वितळतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. तुकडा चिमट्यात धरा, मणी हाताला लागला तर चटका बसतो.

वाणसौदा
केलं आत्ता. मणी राहिला. 😐 चारशे नग पडलेत माझ्याकडे.

पाटपाणी
पातळ असतील तर केंद्राच्या नियमातही बसत नाहीत. सप्टेंबर २०२१ अखेरपासून चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या खालची नॉन-वोव्हन चालत नाही. तीन रुपयाला जी मिळते ती उजेडात धरून बघा, पलीकडचं दिसतं.

अंबाडी
@वाणसौदा, शेठ, तुम्ही २२ देणार नाही हे कळलं. मग किती देऊ शकता? खरं सांगा.

वाणसौदा
फुकट द्यायची असेल तर दोन रुपये. त्याच्यावर नाही. पण माझ्याकडे एक प्रयोग झालाय तो सांगतो. एका गटाकडून १०० पिशव्या घेतल्या आणि २५ रुपये अनामत ठेवून गिऱ्हाइकाला द्यायला लागलो. परत आणली की २५ परत. दोन महिन्यांत ३१ परत आल्या. त्यातल्या सात तेलकट, एकीत मेथीची देठं. आणि पाच तर माझ्या नव्हत्याच, शेजारच्या दुकानाच्या! वाद घालायला वेळ नसतो, देऊन टाकले पैसे.

मी वैतागून बंद केलं.

कातरकाम
शेठ, वैताग कसला? परत न आलेल्या पिशव्या २५ रुपयांना विकल्याच गेल्या की. तुम्ही त्या कितीला घेतल्या होत्या?

वाणसौदा
२० ला.

... हा. तसं कधी बघितलंच नाही.

पाटपाणी
तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये पिवळ्या कापडी पिशव्यांची मोहीम काढली, 'मीण्डुम मंजप्पै'. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात तर मशीन ठेवलं, दहा रुपये टाकले की पिशवी बाहेर. तिथेही फुकट नाहीच, गिऱ्हाइकाकडूनच पैसे. मला वाटतं दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची हा हट्टच सोडावा. ती मालासारखी काउंटरवर टांगावी.

वाणसौदा
टांगतो ताई, पण ज्याने पिशवी आणली नाही आणि विकतही घ्यायची नाही, तो म्हणतो "पलीकडे देतात". पलीकडचा देत असतो हेही खरं. एकट्याने सुरू केलं की गिऱ्हाईक तुटतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रानजाई
आमच्या गटाचा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या करतो, पुण्याला प्रदर्शनात १५० ला जातात. किराणावाल्यांच्या मागे लागूच नका, त्यात दम नाही. एक साडी साडेपाच मीटर, त्यात दहा-बारा पिशव्या निघतात, कापडाचा खर्चच नाही.

अंबाडी
रानजाई ताई, तुमचं छानच आहे. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा. आमच्या बायकांना दर आठवड्याला हातात पैसे लागतात, गटाचं कर्ज फेडायचंय. आणि गावात १५० ची पिशवी कोण घेणार? शिवाय जुनी साडी किती विरलीय ते उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. आम्ही एकदा केल्या होत्या, पहिल्याच नारळाला घडीवर फाटली.

बरं, अजून एक विचारायचं होतं. औषध दुकानवाले कागदी पिशव्या मागतायत, बारीक, गोळ्यांची पाकिटं घालायला. रद्दीच्या करून बघितल्या. पावसाळ्यात जोड सुटले आणि उरलेल्या झुरळांनी खाल्ल्या, अगदी जोडाच्या रेषेने.

पाटपाणी
झुरळं येतात ती खळीसाठी. मैद्याची खळ असेल तर खाणारच. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे, औषधाच्या पिशवीला नको. पावसाळ्यापुरता पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून वापरा. जोड चिकटवल्यावर थप्पी लावू नका, दोरीवर एकेरी वाळत घाला. थप्पी आतून ओली राहते आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो.

आणि रद्दी फक्त पॅकबंद वस्तूंसाठी. वडापाव, भजी, सुटा खाऊ त्यात नको. छपाईची शाई तेलाबरोबर खाण्यात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तशी सूचनाही काढलेली आहे. खाऊवाल्याने मागितली तरी देऊ नका.

फडताळ
मग ज्यूट का नाही करत? मजबूत, दिसायला भारी.

अंबाडी
केलं होतं. मिठाईवाल्याने दिवाळीला साठ मागितल्या. घरच्या पायमशीनवर तागाचे चार पदर जात नाहीत, दोन दिवसांत नऊ सुया मोडल्या. शेवटी एका गाद्यावाल्याकडून शिवून घेतल्या, आमची मजुरी त्यालाच गेली. आणि गोणपाटाला रॉकेलसारखा वास येतो, पेढ्याला लागला. मिठाईवाल्याने पुन्हा विचारलं नाही.

कातरकाम
तो वास गिरणीत ताग मऊ करायला तेल मारतात त्याचा. उन्हात टाकलं तरी पूर्ण जात नाही. आणि आतून गुळगुळीत चकाकतं ते ज्यूट घेऊ नका, त्याला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. बाहेरून ताग, आतून तेच.

---

अंबाडी (तीन आठवड्यांनंतर)
धागा वर काढतेय. काकांनी सांगितलं तसं ४८ पन्ह्याचं कापड आणलं. आणि घोळ झाला. दुकानात ४८ म्हणाले, घरी पट्टी लावली तर साडेशेहेचाळीस! तीन तुकडे कापून ९ ऐवजी साडेसातच इंच उरले. मी तर रडकुंडीला आले. मग आमच्यातली एकजण म्हणाली, अहो पट्ट्या अडीच-अडीचच्या कापू. चार पदरी घडी घातली की बंद पाऊण इंचाऐवजी जरा अरुंद होतो, बाकी काय. तसंच केलं.

बंद दुमडीत घातला, चौकोन, फुली, नवी सुई, इंचात नऊ टाके. एक पिशवी आठ किलो तांदूळ भरून स्वयंपाकघरातल्या खुंटीला रात्रभर टांगली. सकाळी उठून आधी तीच बघितली. बंद तसाच. खुंटी मात्र वाकली.

नवा हिशोब: कापड १०.५०, दोरा ०.५०, कापणं १, शिलाई ५, छपाई १.५०, गाडीभाडं ०.५०. एकोणीस. त्या दुकानदाराला चाळीस पिशव्या बदलून दिल्या, मग त्यानेच २२ ला दोनशे अजून मागितल्या. तो आता काउंटरवर टांगून २५ ला विकतो. पहिल्या आठवड्यात अठरा गेल्या म्हणे. फार नाही, पण परत एकही आली नाही.

कातरकाम
पन्हा नेहमी आधी मोजायचा, ताग्याच्या दोन्ही टोकांना. सांगायला विसरलो, चूक माझी. अडीच इंची पट्टी चालेल, पण त्याच्या खाली जाऊ नका.

अंबाडी
आणि काका, एका बाईंनी पिशवी धुतली, ती म्हणे बोटभर आखूड झाली. आता?

कातरकाम
ग्रे कापड आहे, पहिल्या धुण्यात खळ निघते आणि ते आटतं. आधी भिजवून वाळवून मग कापलं तर आटणार नाही. पण मग तागा धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची. पिशवीमागे दीड-दोन रुपये सहज वाढतील, आणि कापडाचा कोरेपणा जातो, गिऱ्हाइकाला जुनं वाटतं. मी स्वतः किराण्याच्या पिशवीला धुवत नाही, उंचीत एक इंच जास्त धरतो.

पाटपाणी
मी मात्र धुऊनच कापायला शिकवते. छपाईसुद्धा धुतलेल्यावर जास्त टिकते.

कातरकाम
छपाईचं खरं आहे. पण दोन रुपये कोण देणार ते वाणसौदा शेठना विचारा.

वाणसौदा
माझ्याकडे बघू नका. मी आधी ते चारशे मणीवाले कुठे टाकायचे ते बघतोय.

निशिगंध
ताई, माझ्या ५० मुंजीच्या पिशव्या धुतलेल्या कापडाच्या करा, दोन रुपये जास्त देते. आणि बंद लांब हवेत हां, खांद्याला लावता येतील असे.

अंबाडी
अहो निशिगंध ताई, लांब बंद म्हणजे सगळं कटिंग पुन्हा मांडावं लागणार! काका, आहात का?